पाकिटामागची बेरीज

आहारतज्ज्ञाने एखाद्या बाईंना दिवसाचे लक्ष्य दिले आहे: १६०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिने. सकाळी मुसली आणि दुपारी सोया चंक्सची भाजी, असा त्यांचा बेत आहे. खरेदीच्या अ‍ॅपवरून दोन्ही पाकिटांच्या पोषणतक्त्यांचे स्क्रीनशॉट त्यांनी काढले. मुसलीच्या तक्त्यात १२० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिने, तर सोयाच्या तक्त्यात ३४५ कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने. वरवर पाहता मुसली फारच हलकी वाटते.

आकडे बरोबर आहेत, पण त्यांची मापे वेगळी आहेत. मुसलीचे आकडे ३० ग्रॅमच्या एका सर्व्हिंगचे आहेत, सोयाचे १०० ग्रॅमचे. स्क्रीनशॉटमध्ये स्तंभाचे शीर्षक कापले गेले, की हा फरक दिसतच नाही. म्हणून आधी दोन्ही तक्ते १०० ग्रॅमवर आणायचे. मग मुसली ४०० कॅलरींची ठरते आणि तिच्यात प्रथिने १० ग्रॅम.

आकडा नीट वाचला का, हे तक्त्यातच पडताळता येते. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ४ कॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅममागे ९. सोयात ५२ ग्रॅम प्रथिने, ३३ ग्रॅम कर्बोदके आणि अर्धा ग्रॅम स्निग्धांश. म्हणजे २०८, १३२ आणि साडेचार. बेरीज ३४५च्या अगदी जवळ येते. ती चौपट निघाली किंवा चौथाईवर आली, तर बहुधा किलोज्यूलचा रकाना वाचला गेला किंवा दोन स्तंभ मिसळले.

आता प्रत्यक्ष ताटात किती, ते पाहू. मुसलीचा वाडगा सहज ६० ग्रॅमचा होतो: २४० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने. सोया ५० ग्रॅम घेतला तर सुमारे १७३ कॅलरी, २६ ग्रॅम प्रथिने. हे वजन कोरड्या चंक्सचे. भिजल्यावर ते पाणी पिऊन कितीतरी जड होतात. भिजवलेले ५० ग्रॅम मोजून कोरड्याचा आकडा लावला, तर प्रथिने कागदावरच राहतात. मुसलीतले दूध आणि भाजीचे तेल वेगळे धरायचे. दहा ग्रॅम तेलच ९० कॅलरींचे असते.

दोन्ही मिळून ४१३ कॅलरी आणि ३२ ग्रॅम प्रथिने झाली. उरले ११८७ कॅलरींत २८ ग्रॅम. लक्ष्य पाहिले तर दर १०० कॅलरींमागे पावणेचार ग्रॅम प्रथिने हवीत. मुसली अडीच देते, सोया पंधरा. म्हणजे मुसली ठरलेल्या प्रमाणाच्या खाली राहते आणि तिची तूट सोया भरून काढतो. उरलेल्या दिवसात मात्र १०० कॅलरींमागे सुमारे अडीच ग्रॅम पुरतात आणि ती पोळी, वरण, दह्यातून मिळतात. सोयाऐवजी दुपारीही मुसलीच खाल्ली, तर हेच प्रमाण चारच्या वर जाते आणि मग रात्रीच्या ताटात पनीर किंवा अंडी आणावी लागतात.