जाहिरातीतल्या चेहऱ्यावरचा उजेड कुठून येतो?

मे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या वतीने मुंबई पोलिसांकडे तक्रार दाखल झाली. त्यांचं नाव, फोटो आणि आवाज वापरून इंटरनेटवर औषधी उत्पादनांच्या जाहिराती चालल्या होत्या आणि त्यातल्या एकाही उत्पादनाशी त्यांचा संबंध नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडचे अभिनेते टॉम हँक्स यांनी चाहत्यांना सावध केलं. दातांच्या एका योजनेच्या जाहिरातीत त्यांचा कृत्रिम चेहरा झळकत होता.

अशा जाहिराती बनवणाऱ्यांची एक अडचण असते. खऱ्या जाहिरातीसाठी कलाकार स्टुडिओत येतो, दिवे लागतात, वस्तू त्याच्या हातात दिली जाते आणि मग सगळं मिळून एकच फोटो निघतो. भामट्याकडे कलाकारच नसतो. म्हणून तो चेहरा कुठल्या तरी समारंभाच्या फोटोतून उचलतो, बाटलीचा फोटो दुसरीकडून घेतो, लोगो तिसरीकडून उतरवतो आणि सगळं एकत्र चिकटवतो. ही जोडणी जिथे होते, तिथे खुणा राहतात.

पहिली खूण उजेडाची. समजा, मोबाइलवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली आणि एक नावाजलेला अभिनेता हातात बाटली धरून हसतो आहे. अशा वेळी फोटो मोठा करून आधी त्याच्या नाकाची सावली पाहावी. ती त्याच्या उजव्या गालावर पडली असेल, तर दिवा त्याच्या डाव्या बाजूला आहे. आता बाटलीकडे यावं. तिच्यावरची चकाकी आणि बोटांवर पडलेली तिची सावली त्याच दिव्याशी जुळायला हवी. चकाकी विरुद्ध बाजूला असेल किंवा बोटांवर सावलीच नसेल, तर बाटली मागाहून आली असण्याची दाट शक्यता आहे. उजेडाचा रंगही पाहावा. चेहरा संध्याकाळच्या पार्टीतल्या पिवळसर दिव्यात आणि बाटली पांढऱ्याशुभ्र प्रकाशात असेल, तर दोन्ही फोटो एका खोलीतले नाहीत.

डोळ्यांतही पुरावा सापडतो. बुबुळावर दिव्याचा पांढरा ठिपका उमटतो, त्याला छायाचित्रकार कॅचलाइट म्हणतात. हॅनी फरीद आणि मायका जॉन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की या ठिपक्याच्या जागेवरून दिवा कुठे होता याचं गणित मांडता येतं आणि एकाच फोटोतल्या दोन माणसांचे दिवे जुळले नाहीत, तर बनावट पकडता येते. सामान्य वाचकाला गणिताची गरज नाही. अभिनेता आणि शेजारचा ‘डॉक्टर’ यांच्या डोळ्यांतले ठिपके एकाच बाजूला आहेत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. स्टुडिओत अनेक दिवे असतात आणि खऱ्या जाहिरातींवरही संगणकात हात फिरवलेला असतो, त्यामुळे एका विसंगतीवरून निकाल देऊ नये. शंका आली की पुढची खूण तपासावी.

ती खूण म्हणजे लोगो. गोल बाटलीवर छापलेली अक्षरं कडेकडे जाताना वळतात आणि अरुंद दिसतात. संगणकात चिकटवलेला लोगो मात्र सपाट कागदासारखा बसतो, काठावरही तेवढाच रुंद. कधी लोगो लख्ख आणि बाजूची बोटं धूसर असतात. लेबलवरच्या बारीक ओळी वाचायला गेलं तर त्यात अक्षरांसारख्या नुसत्या रेघा निघतात, विशेषतः चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलं असेल तर.

लोगोंची गर्दी हेही लक्षण आहे. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने २५ लाखांच्या लॉटरीचं जे चित्र वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरत राहिलं, त्यात अमिताभ बच्चन यांच्या फोटोसोबत एकमेकांशी व्यवहाराचा संबंध नसलेल्यांची नावं आणि चिन्हं एकत्र कोंबलेली असत. नोव्हेंबर २०२२ मध्ये बच्चन यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून आपलं नाव, आवाज आणि छबी यांच्या गैरवापराविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. त्यांच्या तक्रारीत ही लॉटरीही होती. खरी कंपनी आपल्या जाहिरातीत इतरांचे शिक्के लावून विश्वास कमवत नाही. खाण्याच्या पूरक गोळ्यांवर एफएसएसएआयचा लोगो दिसला, तर त्याच्याजवळ १४ अंकी परवाना क्रमांक हवा. तो foscos.fssai.gov.in वर टाकून कंपनीचं नाव पडताळता येतं. नुसता लोगो आहे आणि क्रमांक नाही, तर खरेदी तिथेच थांबवावी.

तिसरी खूण सर्वांत भरवशाची. चेहरा उचलला असेल, तर मूळ फोटो कुठे तरी असतोच. टॉम हँक्स यांचं बनावट चित्र लॉस एंजेलिस टाइम्सच्या मालकीच्या, २०१४ मधल्या एका छायाचित्रावर बेतलेलं दिसत असल्याचं बीबीसीने नोंदवलं होतं. असा माग कुणालाही काढता येतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्यावा, बाटली आणि मजकूर कापून फक्त चेहरा आणि खांदे ठेवावेत आणि तो तुकडा गूगल लेन्समध्ये टाकावा. कापणं महत्त्वाचं, कारण पूर्ण जाहिरात टाकली तर त्याच जाहिरातीच्या प्रती समोर येतात. tineye.com वर निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात. तोच शर्ट, तीच मान आणि तेच हसू एखाद्या जुन्या चित्रपटाच्या प्रीमियरला सापडलं आणि तिथे हातात बाटलीऐवजी माइक असला, तर प्रश्न मिटला.

शोध चुकवण्यासाठी फोटो आरशासारखा उलटवतात. तेव्हा पुरुषांच्या शर्टाची काजांची पट्टी डावीकडून उजवीकडे जाते, डाव्या मनगटातलं घड्याळ उजव्या हातात दिसतं, नेहमीच्या नेसणीतला पदर उजव्या खांद्यावर येतो. असं काही दिसलं की फोटोच्या ॲपमध्ये तो पुन्हा उलटवून शोध घ्यावा.

संपूर्ण चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने घडवलं असेल, तर मात्र सावल्या बऱ्याचदा जुळतात आणि मूळ फोटोही मिळत नाही. तिथे चित्र सोडून जाहिरातदाराकडे वळावं. facebook.com/ads/library इथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चालू असलेल्या जाहिराती कोणत्या पानाने दिल्या ते दिसतं. पानाची माहिती उघडली की ते कधी सुरू झालं आणि त्याचं नाव किती वेळा बदललं, हेही कळतं. गूगलवरच्या जाहिरातींसाठी adstransparency.google.com आहे. मोठ्या नटाने केलेली जाहिरात काल-परवा उघडलेल्या आणि आधी भलतंच नाव असलेल्या पानावरून येत नाही. त्या नटाच्या अधिकृत खात्यावरही तिचा मागमूस आहे का, ते पाहावं.

पैसे गेलेच असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार झाली, तर ती गोठवण्याची शक्यता असते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करावी. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पानाचं नाव, संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता आणि व्यवहार क्रमांक जोडावा. स्क्रीनशॉट आधी घेऊन मगच जाहिरातीची फेसबुककडे किंवा गूगलकडे तक्रार नोंदवावी, कारण जाहिरात हटवली गेली की पुरावाही पडद्यावरून जातो.