‘कामगिरी सुधारा’ म्हणजे नेमकं काय करा?

“गेल्या तीन महिन्यांतील आपली कामगिरी समाधानकारक नाही. येत्या ३० दिवसांत लक्षणीय सुधारणा अपेक्षित आहे. अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.”

विक्रीचं टार्गेट सतत हुकणाऱ्या सेल्स एक्झिक्युटिव्हच्या हातात पडणाऱ्या पत्रांचा मजकूर बहुतेक असाच असतो. वर शीर्षक ‘कामगिरी सुधारणा योजना’, म्हणजेच पीआयपी, असं असलं तरी आत योजना नसते. लक्षणीय म्हणजे किती, ते कोण आणि कशावरून ठरवणार, तोवर वरिष्ठ काय करणार, यातलं एकही उत्तर पत्रात सापडत नाही. असं पत्र मिळालेला माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. तो दुसरी नोकरी शोधू लागतो, किंवा महिनाअखेरीला वितरकाच्या गोदामात गरजेपेक्षा जास्त माल उतरवून आकडा वर आणतो. दुसऱ्या प्रकारात कंपनीला सुधारणा झाल्यासारखी वाटते. पुढच्या महिन्यात वितरक ऑर्डरच देत नाही, तेव्हा खरी परिस्थिती कळते.

योजनेचा मजकूर कसा बांधायचा, हे एका कल्पित पण बाजारात सहज भेटेल अशा उदाहरणावरून पाहू. पॅकबंद फरसाण आणि मसाले विकणाऱ्या कंपनीचा एक सेल्स एक्झिक्युटिव्ह सांगली-मिरज भागात काम करतो. आठवड्याच्या सहा बीट, प्रत्येक बीटवर चाळीसेक किराणा दुकानं. वितरकाकडून दुकानांत जाणाऱ्या मालाचं, म्हणजे सेकंडरी विक्रीचं, महिन्याचं टार्गेट ६ लाख. गेल्या तीन महिन्यांत झालेली विक्री अनुक्रमे ४.२ लाख, ४ लाख आणि ३.९ लाख.

एवढ्या माहितीवर पत्र लिहायला बसणं ही पहिली चूक. आकडा घसरल्याचं तो माणूस रोज मोबाइलवर पाहतच असतो. आकडा कुठे गळतो आहे, ते दुकानात गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून एरिया सेल्स मॅनेजरने आधी दोन दिवस त्याच्याबरोबर बीट करावी आणि मध्ये न बोलता नोंदी घ्याव्यात. समजा नोंदींची सरासरी अशी निघाली: दिवसाला ३८ दुकानांत भेट, त्यातल्या १४ दुकानांत बिल. उरलेल्या २४ दुकानांपैकी ९ दुकानदार म्हणाले, “आधी मागचा डॅमेज माल उचला, मग नवं बोला.” ८ दुकानांत याने दारातूनच “काही पाहिजे का?” विचारलं, “नको” ऐकलं आणि गाडी पुढे काढली. ४ ठिकाणी मालक गल्ल्यावर नव्हते, कारण भेटीची वेळ चुकीची होती. ३ दुकानांत खरोखरच माल भरलेला होता.

योजनेचा निम्मा मजकूर या चोवीस दुकानांच्या हिशेबात आहे. बारा दुकानांतलं अपयश त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे आहे. नऊ दुकानांतलं अपयश कंपनीमुळे आहे, कारण खराब मालाची भरपाई वरून अडकली आहे. ही विभागणी न करता लिहिलेलं पत्र अन्यायाचं ठरतं आणि निरुपयोगीही, कारण जे त्याच्या हातात नाही ते तो तीस काय, नव्वद दिवसांतही सुधारू शकणार नाही.

आता उद्दिष्ट. त्याच्या हातातल्या बारापैकी निम्म्या दुकानांत बिल होऊ लागलं, तर दिवसाची बिलं १४ वरून २० होतात. सध्या सरासरी बिल साधारण ११०० रुपयांचं आहे. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले, तर विक्री साडेपाच लाखांच्या आसपास जाते. त्याच विभागातले बाकीचे एक्झिक्युटिव्ह टार्गेटच्या ९० टक्क्यांच्या घरात असतील, तर योजनेतला अंतिम आकडाही ९० टक्के, म्हणजे ५.४ लाखच असायला हवा. इतरांना न जमणारे शंभर टक्के फक्त त्याच्याकडून मागणं म्हणजे निकाल आधीच लावून ठेवणं आहे.

पण हा आकडा पहिल्या ओळीत येऊ नये. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून दिसलं, की ‘जमेल तेवढं करा’ यापेक्षा स्पष्ट आणि काहीसं अवघड उद्दिष्ट माणसाकडून जास्त काम करवून घेतं. याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यातली एक गोष्ट मात्र कॉर्पोरेट प्रशिक्षणांत क्वचितच सांगितली जाते. ज्याला काम कसं करायचं हेच नीट जमत नाही, त्याच्यासमोर नुसता निकालाचा आकडा ठेवला तर कामगिरी उलट बिघडू शकते. त्याला आधी शिकण्याचं उद्दिष्ट द्यावं लागतं. आपला एक्झिक्युटिव्ह दारातूनच परततो, याचा अर्थ त्याला दुकानातलं संभाषण उभं करता येत नाही. म्हणून पहिल्या महिन्याचं कलम असं लिहावं:

“प्रत्येक भेटीत दुकानात आत जाऊन आपल्या मालाचा रॅकवरील शिल्लक साठा मोजावा, ॲपवर त्या दुकानाची मागील तीन बिले पाहावीत आणि त्यावरून दुकानदाराला नेमक्या मालाची व नगांची ऑर्डर सुचवावी. पहिल्या महिन्याअखेर दिवसाला सरासरी १६ बिले अपेक्षित आहेत. या महिन्यासाठी विक्रीच्या रकमेचे उद्दिष्ट नाही.”

शेवटचं वाक्य वाचून अनेक विक्रीप्रमुखांच्या कपाळावर आठ्या येतील. तरीही ते ठेवावं असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या महिन्यात १८ बिलं आणि ४.८ लाख, तिसऱ्यात २० बिलं आणि ५.४ लाख, अशी चढण ठेवली की आकडा पद्धतीच्या मागून येतो.

बिलांची संख्या मोजायला लागलं की पळवाटाही निघतात. एका बिलाची दोन बिलं होतात, ओळखीच्या दुकानदाराच्या नावावर पन्नास रुपयांचं बिल फाडलं जातं, आठवड्याने माल परत येतो. हे रोखण्यासाठी संशयाची भाषा नको, व्याख्या हवी: “एका दुकानाचे एका दिवसाचे एकच बिल धरले जाईल, ३०० रुपयांपेक्षा कमी रकमेचे बिल मोजले जाणार नाही, परत आलेला माल वजा होईल.” सोबत एवढंही लिहावं, की वितरकाकडचा साठा पंधरा दिवसांच्या विक्रीपेक्षा वाढवू नये. या एका ओळीने महिनाअखेरीचं डंपिंग बंद होतं.

मुदतीबाबत तीस दिवसांचा आग्रह सोडावा. आठवड्याला एक फेरी असेल तर तीस दिवसांत एका दुकानात चारच भेटी होतात. पहिली जुन्या तक्रारी ऐकण्यात जाते, दुसरीत दुकानदार थोडा माल ठेवून पाहतो, तो खपला की तिसरी-चौथीत खरी ऑर्डर येते. अशा बीटसाठी नव्वद दिवस रास्त आहेत. आणि कॅलेंडर पाहूनच तारीख टाकावी. मुदतीत दिवाळी आली तर फरसाण-मसाल्याची विक्री आपोआप फुगेल आणि दिवाळीनंतरच्या महिन्यात तशीच बसेल. अशा काळात योजना सुरू करावीच लागली, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

सगळ्यात जास्त कस लागतो तो कंपनीने काय द्यायचं, हे लिहिताना. ‘आवश्यक ते सर्व सहकार्य केले जाईल’ या वाक्याने कुणावरच काही बंधन येत नाही. ज्या काटेकोरपणे कर्मचाऱ्याचं काम लिहिलं, त्याच काटेकोरपणे वरिष्ठाचं लिहावं:

“एरिया सेल्स मॅनेजर पहिले चार आठवडे दर बुधवारी पूर्ण दिवस आणि त्यानंतर दर दुसऱ्या बुधवारी आपल्याबरोबर बीट करतील. सकाळच्या पाच दुकानांत ते स्वतः बोलतील, त्यानंतर आपण बोलाल. ज्या दुकानांचे मालक ठरलेल्या वेळी भेटत नाहीत, त्यांच्या भेटीची वेळ पहिल्या आठवड्यात दोघे मिळून बदलतील. प्रलंबित डॅमेज मालाची भरपाई योजनेच्या १५ व्या दिवसापर्यंत दुकानदारांना दिली जाईल. सर्वाधिक खपाच्या पाच पॅकपैकी कोणताही पॅक वितरकाकडे शिल्लक नसेल, तो दिवस सरासरीतून वगळला जाईल. ठरलेला संयुक्त दौरा कंपनीच्या कारणामुळे रद्द झाल्यास योजनेची मुदत एका आठवड्याने वाढेल.”

हे शेवटचं वाक्य घालायला मनुष्यबळ विभाग सहसा कचरतो. पण ते नसेल तर बुधवारचा दौरा बैठकीमुळे हमखास रद्द होतो, मग पुढचाही होतो, आणि नव्वदाव्या दिवशी हिशेब एकट्या कर्मचाऱ्याकडून मागितला जातो. डॅमेजवाली नऊ दुकानं उद्दिष्टाच्या हिशेबात मुद्दामच धरलेली नाहीत. भरपाई झाली आणि तिथून ऑर्डर आल्या, तर तो त्याचा फायदा. नाही झाली, तर त्याचा तोटा नको.

आढावा दर शनिवारी अर्ध्या तासाचा पुरतो. त्याची नोंद मात्र त्याच दिवशी व्हावी: या आठवड्याची सरासरी बिलं, काय जमलं, काय अडलं, कंपनीकडून काय राहिलं. दोघांनी सही करावी आणि सहीच्या वर स्पष्ट लिहावं, की ही सही मजकूर मिळाल्याची आहे, मान्य असल्याची नव्हे. कर्मचाऱ्याला आपलं म्हणणं लिहायला रिकामी जागा ठेवावी. आणि जो माणूस दिवसभर दुकानदारांशी मराठीत बोलून व्यवसाय आणतो, त्याच्या नोकरीचं भवितव्य ठरवणाऱ्या कागदाची मराठी प्रत त्याला मिळायलाच हवी.

‘वृत्ती नकारात्मक’, ‘बांधिलकीचा अभाव’, ‘आक्रमकता कमी’ अशी विशेषणं खोडून टाकावीत. ती सिद्ध करता येत नाहीत आणि ती वाचून माणूस दुखावतो. त्याऐवजी ‘अमुक दोन तारखांच्या दौऱ्यात दिवसाला सरासरी ८ दुकानांत साठा न पाहता भेट संपवली’ एवढं लिहावं. खोट्या भेटी टाकणं किंवा वसुलीचे पैसे वापरणं असा प्रकार असेल, तर तो या योजनेचा विषयच नाही. ती शिस्तभंगाची बाब आहे आणि तिची चौकशी वेगळी व्हायला हवी. तसंच त्याला काढायचं मनात पक्कं झालं असेल, तर ही योजना देऊच नये.

उरतो शेवट. ‘योग्य ती कारवाई’ऐवजी शक्यता उघड मांडाव्यात. दोन्ही उद्दिष्टं गाठली तर योजना लेखी बंद होईल. बिलांची सरासरी किमान १८ झाली पण दोन्ही उद्दिष्टं पूर्ण झाली नाहीत, तर एकदाच तीस दिवसांची वाढ मिळेल. बिलांची सरासरीही १८ च्या खाली राहिली, तर दुसऱ्या कामावर बदली किंवा नेमणूकपत्रातील अटींनुसार सेवा संपवण्याचा विचार होईल. ही ओळ लिहिण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारावं. पदाचं नाव ‘एक्झिक्युटिव्ह’ असल्याने माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जातो असं नाही. तो प्रत्यक्षात काय काम करतो ते पाहिलं जातं. विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदाही झाला होता.

समजा नव्वदाव्या दिवशी सरासरी २० बिलं आहेत आणि विक्री ५.१ लाख. म्हणजे दुकानात आत जाऊन बोलणं जमू लागलं आहे, बिलाची रक्कम मात्र थोडी कमी, सुमारे १०२० रुपयांवर आली आहे. नव्याने उघडलेली दुकानं सुरुवातीला लहान ऑर्डर देतात, त्यामुळे हे घडणारच. वाढीव तीस दिवसांच्या पत्रात मग बिलांच्या संख्येबद्दल काही लिहू नये. तिथे एकच उद्दिष्ट हवं: दर बिलात किमान एक असा पॅक, जो त्या दुकानाने मागील तीन बिलांत घेतलेला नाही. आणि बुधवारचे दोन संयुक्त दौरे, तारखांसह.