गोळी किती वाजता दिली होती?

‘नसबंदी झाली की कुत्री फुगतेच,’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की थायरॉइडचा संशय यायला वर्ष निघून जातं. नमुन्यादाखल सात वर्षांची एक लॅब्रॅडॉर घेऊ. तिचं नाव राणी. खाणं तेवढंच, पण वजन २८ किलोवरून ३५ वर गेलं. बेल वाजली तरी उठत नाही, ऐन मार्चमध्ये उन्हाचा कवडसा शोधून पडते. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, शेपटी उंदरासारखी बोडकी दिसते, मात्र खाज अजिबात नाही. कपाळाची आणि पापण्यांची कातडी जाड होऊन लोंबते, त्यामुळे चेहरा सतत दुःखी वाटतो.

बहुतेक कुत्र्यांत हा दोष खुद्द थायरॉइड ग्रंथीतच असतो. एक तर शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटते, नाही तर ग्रंथी हळूहळू सुकत जाते. दोन्हींचा शेवट एकच, टी-४ हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी मग टीएसएच वाढवून थायरॉइडला हाकारत राहते. राणीचं टी-४ आलं ०.४ मायक्रोग्रॅम, जे साधारण १ ते ४ असायला हवं. टीएसएच वाढलेलं आणि कोलेस्टेरॉलही चढलेलं होतं. तिन्ही गोष्टी एका दिशेला बोट दाखवत असल्याने निदान सोपं झालं.

दर वेळी ते इतकं सोपं नसतं. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या आजारात, किंवा स्टेरॉइड अथवा फिटचं फेनोबार्बिटल चालू असतानाही टी-४ खाली येतं आणि थायरॉइड मात्र ठणठणीत असते. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींत ते मुळातच कमी असतं. उलट, खरोखर आजारी असलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं टीएसएच नॉर्मल येतं. म्हणून नुसता कागद पाहून गोळी सुरू करणं मला घाईचं वाटतं. आणखी एक गोम म्हणजे माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमधली टीएसएच चाचणी कुत्र्याचं टीएसएच ओळखतच नाही. तिथला आकडा जवळपास शून्य येतो, त्याचा अर्थ काहीच नसतो. टी-४ दोघांचं एकच, पण माणसाची पातळी बरीच वर असते. त्या पट्टीने मोजलं तर धडधाकट कुत्राही आजारी ठरेल. नमुना कुत्र्यांच्या चाचण्या करणाऱ्या लॅबलाच द्यावा.

गोळी मात्र माणसांचीच चालते, लेव्होथायरॉक्सिन. इथे मेडिकलवाला थबकतो. सुरुवातीचा डोस किलोमागे २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. राणीचा हिशेब डॉक्टरांनी सुजलेल्या ३५ वर न करता मूळच्या २८ किलोवर केला, तेव्हा एका वेळी साधारण ५५० झाले.

‘काका, एक शून्य जास्त पडलंय का? माझ्या आईला शंभरची एकच गोळी आहे.’

चूक नव्हती. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषलं जातं आणि रक्तातून काही तासांतच निम्मं होतं. माणसात त्याला सुमारे आठवडा लागतो. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या कुत्र्याला डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात, कारण मंदावलेलं शरीर एकदम वेगात आलं की हृदयावर ताण येतो.

महिन्या-दीड महिन्याने पहिली तपासणी झाली आणि राणीचं टी-४ आलं १.१. डोस वाढवायचा विचार सुरू झाला, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळी किती वाजता दिली होती?’ आदल्या रात्री आठला. सकाळी रक्त द्यायचं म्हणून सकाळची गोळी ठेवून दिली होती, माणसांच्या चाचणीला करतात तशी. बरं, रोजची गोळी कधी रिकाम्या पोटी, कधी दूध-पोळीत कुस्करून! अन्नासोबत औषध कमी शोषलं जातं. अन्नाबरोबर द्यायची असेल तर रोज तशीच द्यावी, नाही तर रोज खाण्याआधी.

मग रोज सकाळी सातला, खाण्याच्या तासभर आधी गोळी ठरली. काही आठवड्यांनी दुपारी बाराला, म्हणजे पाच तासांनी रक्त घेतलं. आकडा ४.२. गोळीनंतर चार ते सहा तासांनी टी-४ नॉर्मलच्या वरच्या टोकाला किंवा किंचित वर असावं, म्हणजे डोस बरोबर होता. आधीच्या आकड्यावर विसंबून तो वाढवला असता तर धाप, अस्वस्थपणा, सारखं पाणी पिणं, जोरात धडधडणारं हृदय अशी उलटी लक्षणं दिसू शकली असती.

राणी पंधरा दिवसांत दाराशी धावू लागली. वजनाला दोनेक महिने लागले, आणि तेही वाटीने मोजून खाणं दिल्यावर. केसांनी घाबरवलं: जुने, सुप्त पडलेले केस आधी मूठमूठ गळतात, नंतर नवे येतात, पूर्ण अंग भरायला कित्येक महिने जातात. या काळात गोळी बंद करणारे बरेच भेटतात. पुढे पहिल्या वर्षी अधूनमधून आणि नंतर दर सहा महिन्यांनी ते वर्षाने रक्त तपासायचं. डोस बदलला किंवा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. आणि प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवायचं: गोळी सात, रक्त बारा.