जास्तीचा उंट आणि काळं कोपऱ्याचं घर

बुद्धिबळाच्या पटावर फक्त दोन राजे आणि आपला एक उंट उरला, तर सामना बरोबरीत सुटतो. एकटा उंट मात करूच शकत नाही. उंटाची किंमत साधारण तीन प्याद्यांएवढी धरतात, पण ही किंमत वसूल करायला एक तरी प्यादं वजीर व्हावं लागतं. म्हणूनच मोहरा जास्त असलेल्याने मोहऱ्यांची मारामारी करावी आणि प्यादी जपावीत. प्रतिस्पर्ध्याचा हत्ती पटावरून गेला की शह देत आपल्या राजाला पळवणारं, आपली प्यादी मागून खाणारं त्याचं मुख्य हत्यार जातं. त्यासाठी एखादं प्यादं सोडावं लागलं तरी चालतं, मात्र उरणारी प्यादी कोणती हे आधी पाहायला हवं. सगळी प्यादी संपून हत्ती आणि उंट विरुद्ध एकटा हत्ती असा शेवट झाला, तर अचूक बचावापुढे तो बहुधा बरोबरीतच सुटतो.

याहून विलक्षण गोष्ट घरांच्या रंगात दडलेली आहे. बिडकीनचा एखादा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या स्पर्धेत पांढऱ्याकडून खेळतोय, असं समजू. त्याने हत्तींची मारामारी नीट पार पाडली आहे. आता त्याचा राजा एफ4 वर, पांढऱ्या घरांवर चालणारा उंट डी3 वर, प्यादी जी4 आणि एच3 वर. काळ्याचा राजा जी7 वर आणि एच6 वर एकुलतं एक प्यादं. काळा ते एच5 वर ढकलतो. फुकटचं प्यादं दिसतंय, हात आपोआप पुढे जातो.

पण जी4 च्या प्याद्याने ते मारलं की जिंकलेला डाव गेला! पांढऱ्याकडे उंट आणि दोन प्यादी आहेत, तरीही नाही जिंकता येत. दोन्ही प्यादी आता एच रांगेत आहेत आणि त्यांचं वजीर होण्याचं घर, एच8, काळं आहे. पांढऱ्या घरांचा उंट त्याला कधीच स्पर्श करू शकत नाही. काळा राजा त्या कोपऱ्यात शिरतो आणि एच8, जी8, जी7 अशा येरझाऱ्या घालत राहतो. त्याची वाट बंद करावी तर शह नाही आणि चालही नाही, म्हणजे पुन्हा बरोबरी. दुसरं प्यादं पहिल्याच्या मागे नुसतं उभं राहतं.

इथली खरी चाल जी5. मारायचं नाही, पुढे जायचं. हे प्यादं जी8 वर वजीर होणार आणि ते घर पांढरं आहे, उंटाच्या ताब्यात येणारं. शिवाय काळ्याचं एच5 चं प्यादंही सुटत नाही. ते तिथेच थांबलं तर उंट ई2 वर येऊन त्याच्यावर नेम धरतो. एच4 ला पळालं तर पांढरा राजा जी4 वर येऊन ते सावकाश खातो.