व्हेस्पा भारतात चार वेळा आली

आंतरराष्ट्रीय विपणनाच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो: परदेशी बाजारपेठेत प्रवेश करण्याच्या पद्धतींची तुलना करा. निर्यात, परवाना करार, संयुक्त उपक्रम आणि पूर्ण मालकीची उपकंपनी अशी चार नावे बहुतेकांना पाठ असतात. उत्तर अडते ते पुढच्या प्रश्नाशी. कंपनी एक पद्धत सोडून दुसरी का घेते आणि घेताना काय गमावते? याचे उत्तर इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या भारतातल्या वाटचालीत सापडते. तिची व्हेस्पा स्कूटर गेल्या शतकाच्या मध्यापासून या चारही पद्धतींनी आपल्याकडे आली, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला.

व्हेस्पा बाजारात आली 1946 मध्ये. दोन वर्षांनी बजाज समूहाच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने दुचाकी आणि तीनचाकी वाहने आयात करून भारतात विकायला सुरुवात केली. पियाज्जिओच्या बाजूने पाहिले तर ही निर्यात. माल इटलीत तयार होतो, विक्री इथला व्यापारी करतो. कारखान्यात पैसे अडकत नाहीत आणि माल खपला नाही तर पुढची खेप थांबवता येते. पण वाहतूक आणि आयात शुल्क यांमुळे किंमत वाढते आणि ग्राहकाशी थेट संबंध राहत नाही. त्यातच पन्नाशीच्या दशकात भारताला परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि आयातीवर निर्बंध कडक झाले. सरकारने आयात अडवली की निर्यातदाराच्या हातात फारसे काही उरत नाही.

मग दुसरी पद्धत आली. वाहने देशातच बनवण्याची सरकारी परवानगी बजाजला 1959 मध्ये मिळाली आणि 1960 मध्ये पियाज्जिओशी करार झाला. परवाना करारात परदेशी कंपनी आपले आराखडे, उत्पादनाचे तंत्र आणि ब्रँड वापरायला देते आणि मोबदल्यात मानधन म्हणजे रॉयल्टी घेते. कारखाना, कामगार आणि विक्रीची जोखीम स्थानिक कंपनीची. ज्या देशात परदेशी भांडवलाला दार बंद आहे, तिथे ही सोयीची वाट असते. व्हेस्पा भारतात बनू लागली आणि मागणी इतकी होती की स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे.

करार 1971 मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. परवाना पद्धतीचा खरा धडा इथे आहे. करार संपल्यावर व्हेस्पा हे नाव पियाज्जिओकडे परत गेले, पण स्कूटर कशी बनवायची हे आकुर्डीतल्या कारागिरांनी आणि अभियंत्यांनी शिकलेले ज्ञान परत जाणार नव्हते. पुढच्याच वर्षी बजाजची चेतक बाजारात आली. तिची ठेवण ओळखीची होती, नाव मात्र स्वतःचे. परवाना देणाऱ्याला वाटते आपण ज्ञान भाड्याने दिले आहे. प्रत्यक्षात ब्रँड भाड्याने जातो आणि ज्ञान बहुतेक वेळा विकले जाते. म्हणून अशा करारात मुदत संपल्यावर काय, निर्यातीचे हक्क कुणाचे, सुधारणा कुणाच्या मालकीच्या, ही कलमे रॉयल्टीच्या टक्केवारीइतकीच महत्त्वाची असतात.

ऐंशीच्या दशकात सरकारने दुचाकी उद्योगात परदेशी सहकार्याला वाव दिला आणि पियाज्जिओ कानपूरच्या एलएमएलबरोबर परतली. सुरुवात तंत्रज्ञानाच्या सहकार्याने झाली. पुढे पियाज्जिओने कंपनीत भागभांडवलही घेतले. संयुक्त उपक्रमात दोन्ही बाजू पैसा घालतात आणि नफा वाटून घेतात. स्थानिक भागीदाराला परवानग्या, वितरक आणि कामगारांची नाडी माहीत असते; परदेशी भागीदाराकडे तंत्र असते. पण दोघांची उद्दिष्टे वेगळी असू शकतात, आणि कोणते मॉडेल आणायचे, नफा कुठे गुंतवायचा, यावर एकमत झाले नाही तर निर्णयच थांबतात. पियाज्जिओ आणि एलएमएल 1999 मध्ये वेगळे झाले. त्यानंतरही एलएमएल जुन्या धाटणीच्या स्कूटर बनवत राहिली आणि युरोप-अमेरिकेतही विकत राहिली. म्हणजे 1971 चाच प्रकार पुन्हा घडला: जुना भागीदार प्रतिस्पर्धी झाला.

चौथा टप्पा बारामतीत आहे. तिथला मालवाहू तीनचाकींचा कारखाना पियाज्जिओने ग्रीव्ह्ज कंपनीबरोबर सुरू केला आणि पुढे भागीदाराचा हिस्सा घेऊन पूर्ण ताब्यात आणला. 1991 नंतर परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाल्यामुळे हे शक्य झाले. आधीच्या 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यात सर्वसाधारणपणे परदेशी हिस्सा 40 टक्क्यांवर अडत होता. 2012 मध्ये व्हेस्पा पुन्हा भारतात आली ती बारामतीतून, मूळ कंपनीच्या मालकीच्या कारखान्यातून. उपकंपनीत किंमत, दर्जा, तंत्र आणि नफा सगळे आपल्या हाती राहते. तोटाही पूर्ण आपलाच असतो. आणि मालकी मिळाली म्हणजे बाजार मिळालाच असे नाही. 2012 ची व्हेस्पा इतर गिअरलेस स्कूटरपेक्षा बरीच महाग होती आणि तिचा ग्राहकवर्ग मर्यादितच राहिला, तर त्याच कारखान्यातल्या आपे तीनचाकींनी बाजारात पक्के स्थान मिळवले.

परवाना द्यायचा की कारखाना काढायचा, हे साध्या गणितानेही तपासता येते. आकडे फक्त उदाहरणादाखल घेऊ. स्कूटरची किंमत 1 लाख रुपये आणि रॉयल्टी 4 टक्के असेल तर परवान्यातून दर गाडीमागे 4 हजार रुपये मिळतात, खर्च जवळजवळ शून्य. स्वतःच्या कारखान्यात गाडीमागे 15 हजार रुपये सुटतात, पण वर्षाचा स्थिर खर्च 50 कोटी आहे. दोन्हींतला फरक 11 हजार. 50 कोटींना 11 हजारांनी भागले की साधारण 45,500 येतात. वर्षाला याहून कमी गाड्या खपणार असतील तर परवाना बरा, जास्त खपणार असतील तर कारखाना. या हिशेबात ज्ञान हातचे जाण्याची किंमत मात्र धरलेली नाही. ती धरली तर परवान्याचे पारडे आणखी हलके होते.

उत्तर लिहिताना चार व्याख्या एकाखाली एक मांडून थांबू नये. प्रत्येक पद्धत चार कसोट्यांवर तपासावी: गुंतवणूक किती, नियंत्रण किती, जोखीम कुणाची आणि ज्ञान किती सुटते. निर्यातीत गुंतवणूक सर्वांत कमी असते. तंत्र सुरक्षित राहते, पण बाजारावर पकड ढिली असते. परवान्यातही गुंतवणूक कमीच, मात्र ज्ञान सुटण्याचा धोका सर्वांत मोठा. संयुक्त उपक्रमात गुंतवणूक आणि जोखीम वाटली जाते, नियंत्रणही वाटले जाते. उपकंपनीत चारही गोष्टी एकाच हाती येतात. पाठ्यपुस्तकात या पद्धती पायऱ्यांसारख्या एकामागून एक येतात, पण पियाज्जिओच्या बाबतीत पायरी बदलली ती बहुतेक वेळा कायद्याने, आयातीच्या नियमांनी आणि करारांच्या मुदतींनी. परीक्षेत हे कारण नोंदवले तर उत्तर तक्त्याच्या पलीकडे जाते.