२५९ कोटी ठिपके आणि ७७ ठिपक्यांचा चेहरा

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावडी निघतात. तेव्हा शहरात मंडळांचे फ्लेक्स झळकतात. समजा, एका मंडळाने एआयकडून महादेवाचं चित्र करून घेतलं. खाली कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांग. चित्र १,५३६ × ७६८ पिक्सेल, म्हणजे सुमारे १२ लाख ठिपके. फ्लेक्स मात्र २० बाय १० फुटांचा.

पुस्तकासारखी ३०० डीपीआय छपाई धरली, तर ७२,००० × ३६,००० पिक्सेल लागतील: २५९ कोटी ठिपके. जेपीईजी फाइलची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे हे चित्र त्या फाइलमध्ये मावणारही नाही.

सुदैवाने एवढ्याची गरज नसते. चांगल्या नजरेला दहा मीटरवरून साधारण तीन मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्या अंतरावरून बघायला हा अख्खा फ्लेक्स २२ लाख ठिपक्यांत भागतो. वरचा महादेव त्यामुळे थोड्या अपस्केलिंगनेही निभावून जातो.

अडचण खालच्या रांगेत येते. तिथे लोक दोन मीटरवर उभे राहून आपला माणूस शोधतात. या अंतराला सुमारे ४४ डीपीआय हवेत, म्हणजे एक फूट रुंद चेहऱ्याला ५२८ पिक्सेल. मूळ चित्रात त्याच्या वाट्याला आलेत फक्त ७७, आणि एका डोळ्याला जेमतेम १५. रुंदी सातपट वाढवायची म्हणजे ठिपके जवळपास ४९ पट: प्रत्येक ४९ पैकी ४८ अंदाजाने भरायचे.

रिअल-ईएसआरगॅनसारखं साधन कडा धारदार करतं, पण कातडी प्लास्टिकसारखी गुळगुळीत करू शकतं. जीएफपीगॅनसारखी चेहरा सुधारणारी साधनं आणखी पुढे जातात. ती ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलेली आहेत. तिथून शिकलेला डोळा ती बसवतात. फोटो फाटत नाही, पण गालावरचा तीळ जातो, मिशीची ठेवण बदलते. ७७ पिक्सेलपर्यंत लहान केले की एकसारखे दिसतील असे कितीतरी वेगवेगळे चेहरे असतात. त्यातला खरा कोणता, हे साधनाला कळायला मार्ग नाही. त्यात एआयने चित्र करतानाच चेहरा बदललेला असेल, तर हा अंदाजावरचा अंदाज.

म्हणून चेहरे मोठे करत बसू नये, ते बदलावेत. आधी चेहरा सुधारणारा पर्याय बंद ठेवून फक्त पार्श्वभूमी मोठी करायची. मग फाइल २० बाय १० फुटांची, ७२ डीपीआयवर करायची. तीही १५ कोटी ठिपक्यांची होते. शेवटी प्रत्येकाचा मोबाइलवरचा मूळ फोटो मागवून चेहरा त्यातून घ्यायचा. जवळून काढलेल्या १२ मेगापिक्सेल फोटोत चेहराच हजारभर पिक्सेल रुंद असतो, म्हणजे गरजेच्या जवळपास दुप्पट. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

पूर्ण फ्लेक्स छापण्याआधी एका चेहऱ्याची फूटभर पट्टी खऱ्या मापात छापून दोन मीटरवर लावावी, आणि मूळ फोटो न दाखवता त्या माणसाच्या घरच्याला ओळखायला सांगावं.