कॅमेरा वाचतो वॉशिंग मशीनचं पॅनेल

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला एखाद्या घरी वॉशिंग मशीन येतं, तेव्हा त्याच्या पॅनेलवर बहुधा सगळं इंग्रजीत असतं: सोक, वॉश, रिन्स, स्पिन, टब क्लीन. इंग्रजी वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा कामी येतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये इंग्रजी आणि मराठी निवडून कॅमेरा पॅनेलवर धरला, की इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द दिसू लागतात. मराठीचा संच आधी डाउनलोड करून ठेवला, तर भाषांतराला नेटवर्क लागत नाही.

या सोयीचं मूळ २०१० साली आलेल्या ‘वर्ड लेन्स’ या ॲपमध्ये आहे. ते बनवणारी कंपनी गूगलने २०१४ मध्ये घेतली आणि २०१५ पासून ही सोय ट्रान्सलेटमध्ये आली. फोन आधी चित्रात अक्षरं कुठे आहेत ते शोधतो आणि मग एकेक अक्षर ओळखतो. हे ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कला मुद्दाम डागाळलेली, तिरकी, पुसट अक्षरं दाखवून शिकवलेलं असतं. तरीही चूक होतेच. ‘स्पिन’चा S कधी 5 वाटतो. अशा वेळी फोन शब्दकोशात जवळचा शब्द शोधून दुरुस्ती करतो. शेवटी मूळ अक्षरं पार्श्वभूमीच्या रंगाने झाकून त्यावर भाषांतर उमटवतो.

मात्र एरर कोडला शब्दकोशाचा आधार नसतो. काही मशीनांवर OE म्हणजे पाणी बाहेर जात नाही आणि IE म्हणजे पाणी आत येत नाही. फोन इथे O ला शून्य समजू शकतो. त्यात भर म्हणजे डिस्प्लेवरच्या अक्षर-आकड्यांच्या रेघा बहुधा सतत पेटलेल्या नसतात. त्या फार वेगाने आळीपाळीने लागतात, त्यामुळे कॅमेऱ्याला काही रेघा विझलेल्या दिसतात आणि 8 चा 3 होऊ शकतो. म्हणून कोड डोळ्यांनीच वाचावा आणि माहितीपुस्तिकेत शोधावा. चकचकीत पॅनेलवर उजेड परावर्तित होत असेल तर फ्लॅश बंद करून फोन थोडा तिरका धरावा.

दुसरी अडचण अर्थाची. वाक्यात आजूबाजूचे शब्द अर्थ ठरवायला मदत करतात, पण बटणावर शब्द एकटाच असतो. ‘स्पिन’चं भाषांतर ‘फिरवा’ असं आलं, तर कपडे पिळण्याचा उल्लेखच राहत नाही. ‘टब क्लीन’ हे ‘स्वच्छ’ म्हणून दिसलं, तर कोणी त्यात कपडे टाकेल. तो कार्यक्रम मात्र रिकाम्या टबासाठी असतो.

खात्री करायची तर मशीन रिकामं ठेवून फक्त ‘स्पिन’ लावावं. पाणी न भरता ड्रम जोरात फिरला, तर ते बटण पिळण्याचंच. त्याच्याजवळ मराठीत ‘पिळणे’ अशी चिठ्ठी चिकटवली, की पुढच्या धुण्याला फोनची गरज उरत नाही.